एक इंची पाइप, एक इंची एल्बो, तरीही सांधा निसटला: मापात गफलत नेमकी कुठे झाली?

अजिंक्यतारा

नमस्कार. आमचे घर साताऱ्यात आहे. गच्चीवर १,००० लिटरची टाकी आहे आणि तिच्यातून निघणारी आडवी लाइन कठड्याच्या कडेने साधारण ६ मीटर जाऊन जुन्या जीआय पाइपाला मिळते. ही आडवी लाइन घराच्या आधीच्या मालकांनी राखाडी पाइपात करून घेतली होती. गेल्या महिन्यात तिच्या कोपऱ्यावरचा एल्बो तडकला. नेहमीचे प्लंबर गावी गेले होते, म्हणून मी स्वतः दुकानात जाऊन 'एक इंची एल्बो' मागितला आणि दुसऱ्या एका कारागिराकडून तो बसवून घेतला.

नऊ दिवस काहीही झाले नाही. दहाव्या दिवशी भर दुपारी पाइप एल्बोमधून निसटला आणि संपूर्ण टाकी रिकामी झाली. निसटलेले टोक मी नीट पाहिले. खालच्या बाजूला, परिघाच्या एक तृतीयांश भागावर, सॉल्व्हंटने पाइप खरबरीत होऊन चिकटल्याची खूण होती. वरच्या बाजूला मात्र सॉल्व्हंटचा पिवळट, चिकट थर नुसताच साचलेला होता. नखाने दाबल्यावर तो आत अजून मऊ लागत होता, आणि तो खरवडल्यावर खालचा पाइप अगदी गुळगुळीत, कोरा निघाला.

मग वडिलांचा जुना व्हर्नियर काढून मोजमाप केले. पाइपाचा बाहेरचा व्यास ३२ मिमी भरला. एल्बोच्या तोंडाचा आतला व्यास ३३.५ मिमीहून किंचित जास्त होता. एल्बोवर '२५ मिमी' आणि '१ इंच' असे दोन्ही कोरलेले आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, हे शाळेत शिकलेले आहे, पण या दोन वस्तूंत २५ हा आकडा मला कुठेही सापडला नाही. तो नेमका कशाचा आहे? पुन्हा दुकानात जाताना मी काय मागावे? शिवाय याच लाइनवरून नव्या न्हाणीघरासाठी सीपीव्हीसीचा एक फाटा काढायचा आहे, त्यामुळे या वेळी चूक परवडणार नाही.

वाळवा_शिवार

ताई, यात अवघड काही नाही. आमच्या शेतातील सगळी पाइपलाइन मी स्वतः जोडलेली आहे. एक इंच म्हणजे ३२ मिमी, सव्वा इंच म्हणजे ४०, दीड इंच म्हणजे ५०, दोन इंच म्हणजे ६३, अडीच इंच म्हणजे ७५, तीन इंच म्हणजे ९० आणि चार इंच म्हणजे ११०. हे कोणताही शेतकरी झोपेतही सांगेल. २५ मिमी म्हणजे पाऊण इंच. दुकानदाराने तुम्हाला पाऊण इंची एल्बो दिलेला दिसतो. ३२ चा एल्बो मागा, काम होईल.

आणि तोच एल्बो वापरायचा असेल, तर पाइपाचे टोक थोडे गरम करून फुगवा, सॉल्व्हंट सढळ हाताने लावा आणि एक दिवस पाणी सोडू नका.

मेघना_न्यूजर्सी

मी पुण्याची असून सध्या न्यू जर्सीत राहते. आमच्याकडेही हाच घोळ आहे. माझा अंदाज असा की तुमच्याकडे आट्यांचा प्रश्न असावा, कारण अमेरिकेतील आटे आणि भारतातील आटे वेगळे असतात. मी मागच्या वर्षी आईसाठी इथून अर्धा इंची शॉवर नेला होता. तो तिथल्या नळावर तीन-चार फेरे व्यवस्थित बसला आणि मग अडकला. भरपूर टेप गुंडाळली तरी तो थेंब थेंब गळतच राहिला. तुमचा एल्बो आयात केलेला आहे का, ते एकदा पाहावे.

काउंटरमागून

कऱ्हाडला माझे पाइप-फिटिंगचे दुकान आहे आणि गेली २८ वर्षे मी त्या काउंटरमागे उभा आहे. अजिंक्यतारा यांनी विचारलेला प्रश्न माझ्यासमोर आठवड्यातून दोन-तीनदा येतो, आणि बहुतेक वेळा तो सांधा निसटल्यानंतरच येतो.

मेघनाताईंचा मुद्दा खरा आहे, पण तो या प्रश्नाचा नाही. इथे आटे नाहीत, सॉल्व्हंटने चिकटवलेला सांधा आहे. वाळवाच्या दादांनी दिलेली मापे त्यांच्या पाइपासाठी अगदी बरोबर आहेत आणि एल्बो ३२ चाच मागायचा हेही खरे आहे. मात्र ताईंना मिळालेला एल्बो पाऊण इंची असता, तर त्याचे तोंड २५ मिमीचे असते आणि ३२ चा पाइप त्यात शिरलाच नसता. तो शिरला, इतकेच नव्हे तर सैल शिरला. म्हणजे एल्बो लहान नव्हता, मोठा होता.

कारण असे की बाजारात 'एक इंच' या नावाने बाहेरचा व्यास वेगवेगळा असलेले कमीत कमी चार पाइप विकले जातात. जुन्या लोखंडी जीआय पाइपाचा बाहेरचा व्यास ३३.७ मिमी असतो. घरगुती नळकामाचा यूपीव्हीसी पाइप, जो शेड्यूल ४० किंवा ८० या नावाने येतो, तो लोखंडी पाइपाच्या मापाला धरून बनवतात, म्हणून तो ३३.४ मिमी असतो. शेतीच्या दुकानात मिळणारा, आयएस ४९८५ छापलेला पाइप ३२ मिमी असतो. आणि गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप केवळ २८.६ मिमी असतो. मेघनाताईंच्या देशात तांब्याच्या नळ्यांचा बाहेरचा व्यास नावापेक्षा एक अष्टमांश इंच जास्त ठेवण्याची रीत आहे, आणि सीपीव्हीसीने ती रीत उचलली. एक इंचात एक अष्टमांश इंच मिळवला की २८.६ मिमी होतात.

तुमचा पाइप तिसरा आहे आणि एल्बो दुसऱ्या पाइपाचा आहे. दोन्ही एक इंची आहेत, यात कोणी खोटे बोललेले नाही.

आता '२५ मिमी' या आकड्याविषयी. जीआय, यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसी यांच्यावर २५ लिहिलेले असते, तेव्हा ते मोजलेले माप नसते, ते 'एक इंच' या नावाचे भाषांतर असते. शेतीच्या पाइपावर मात्र जो आकडा छापलेला असतो, तो खरोखर बाहेरचा व्यास असतो. त्यामुळे दुकानात नुसते '२५ चा एल्बो द्या' म्हटले, तर तोंडाला २५ मिमीचा, २८.६ चा किंवा ३३.४ चा, यांपैकी कोणताही एल्बो हातात पडू शकतो, आणि देणारा प्रत्येक वेळी स्वतःच्या परीने बरोबरच असतो.

अजिंक्यतारा

मनापासून आभार. पण मग 'एक इंच' हे नाव मुळात कुठल्या मापावरून पडले? लोखंडी पाइप बाहेरून ३३.७ असेल, तर त्याच्या आत तरी २५ असायला हवे. आमच्या जुन्या जीआयचा एक तुकडा अडगळीत पडला आहे. तो आतून २७ च्या आसपास भरतो. त्यावर निळ्या पट्ट्याचा पुसट रंग अजून दिसतो.

काउंटरमागून

निळा पट्टा म्हणजे मध्यम वर्गाचा पाइप. त्याच्या भिंतीची जाडी ३.२ मिमी असते. ३३.७ मधून दोन्ही बाजूंच्या भिंती वजा करा, २७.३ उरतात. तुमचे मोजमाप अगदी बरोबर आहे. पिवळ्या पट्ट्याच्या हलक्या पाइपाची भिंत २.६ मिमी असते, त्यामुळे तो आतून साधारण २८.५ भरतो, आणि लाल पट्ट्याच्या जड पाइपाची भिंत ४ मिमी असते, म्हणून तो २५.७ भरतो. नावाच्या सर्वांत जवळ येणारा तोच.

पूर्वी लोखंडी पाइप जाड भिंतीचे होते आणि त्यांना आतल्या पोकळीवरून नाव मिळाले. ग्राहकाला पाणी किती जाईल याच्याशी कर्तव्य, म्हणून आतले माप बोलले जाई. पुढे लोखंड आणि पाइप बनवण्याची पद्धत सुधारली, तेवढ्याच दाबाला पातळ भिंत पुरू लागली. आता भिंत पातळ करायची, तर ती बाहेरून करायची की आतून? बाहेरून केली असती, तर आटे पाडण्याचे सगळे साचे आणि आधी बनलेली सगळी फिटिंग्ज निरुपयोगी झाली असती. म्हणून बाहेरचा व्यास होता तसा ठेवला आणि पोकळी वाढू दिली. नाव पोकळीचे राहिले आणि खरे माप बाहेरचे झाले.

म्हणूनच फिटिंग जुळवताना मी गिऱ्हाइकाला आतले माप सांगू देत नाही. सॉकेट पाइपाच्या बाहेरच्या अंगाला धरते, आत काय आहे हे तिला कळतही नाही.

वाळवा_शिवार

माहिती चांगली दिलीत, माझी चूक मान्य आहे. पण एक शंका राहते. ३३.४ आणि ३२ मध्ये फरक दीड मिमीचाही नाही. सॉल्व्हंट हा शेवटी डिंकच आहे, तो फट भरून काढणार नाही का? आमच्याकडे अशा जोडण्या वर्षानुवर्षे टिकलेल्या आहेत.

काउंटरमागून

दादा, सॉल्व्हंट हा डिंक नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. डिंक दोन वस्तूंच्या मध्ये राहून त्यांना धरतो. सॉल्व्हंट पाइपाचा आणि सॉकेटचा पृष्ठभाग मऊ करतो, ते दोन मऊ थर एकमेकांवर दाबले जाऊन मिसळतात आणि द्रव उडून गेल्यावर एकजीव होतात. दाबच नसेल, तर मिसळायचे कसे?

हा दाब येतो कुठून, ते आपल्या दुकानातील कोणत्याही चांगल्या एल्बोत पाहता येते. त्याची सॉकेट सरळ नळकांडी नसते, आत जाताना ती किंचित निमुळती होत जाते. कोरडा पाइप हाताने घातला, तर तो सॉकेटच्या खोलीच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश अंतरावर घट्ट अडकला पाहिजे. सॉल्व्हंट लावल्यावर पृष्ठभाग मऊ आणि निसरडा होतो, तेव्हा तो जोर लावून थेट बुडापर्यंत जातो, आणि तोच घट्टपणा पुढे सांधा धरून ठेवतो. कोरडा पाइप एका बोटाने बुडापर्यंत गेला आणि एल्बो खाली धरल्यावर आपल्या वजनाने बाहेर पडला, तर ते फिटिंग त्या पाइपाचे नाही. ही परीक्षा दुकानातच करून घ्यावी, तिला पैसे पडत नाहीत.

आता ताईंच्या सांध्यात काय घडले ते पाहा. व्यासातील फरक १.४ मिमीचा. पाइप आपल्या वजनाने सॉकेटच्या तळाशी टेकला, त्यामुळे खालची फट शून्य झाली आणि वरची पूर्ण १.४ मिमी राहिली. म्हणून खाली एक तृतीयांश भागात खरा सांधा झाला आणि वर नुसता थर साचला. सॉल्व्हंटमध्ये बराचसा भाग उडून जाणाराच असतो. जाड थराची वरची साय आधी सुकते, आतला द्रव कोंडून राहतो, आणि जसजसा तो उडतो तसतसा थर आक्रसतो. दहाव्या दिवशीही तो नखाला मऊ लागला, याचे कारण हेच.

अजिंक्यतारा

हे वाचताना ते टोक पुन्हा डोळ्यांसमोर आले. कारागिराने एल्बो बसवताना तो हाताने सहज फिरत होता, आणि 'किती छान बसला' असे मीच म्हटले होते. पण मग तो नऊ दिवस कसा टिकला, आणि निसटला तो दुपारीच का?

काउंटरमागून

गच्चीवरच्या टाकीचा दाब तिथे जवळजवळ नसतोच. पाण्याची पातळी पाइपाच्या वर जेमतेम मीटरभर असेल, म्हणजे दाब ०.१ किलोच्या आसपास. अर्धवट चिकटलेला सांधाही तेवढा दाब सहज सोसतो. तुमचा सांधा पाण्याने उघडला नाही, उन्हाने उघडला.

पीव्हीसी तापल्यावर लोखंडाच्या कितीतरी पट वाढते. ६ मीटर लांब पाइप पहाटेपेक्षा दुपारी ३० अंशांनी जास्त तापला, तर तो एक सेंटिमीटरहून अधिक लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. तुमच्या लाइनचे एक टोक टाकीला आणि दुसरे जीआयला पक्के आहे. ती हालचाल कुठेतरी निघणारच, आणि ती कोपऱ्यावरच्या एल्बोत निघते. रोज एकदा ढकल आणि एकदा ओढ, असे नऊ दिवस झाले. नीट जुळलेला सांधा हे सोसतो, पण एक तृतीयांश भागावर चिकटलेला सांधा सोलवटत जातो. आधीचा एल्बो तडकण्यामागेही ही हालचाल असू शकते, म्हणून क्लॅम्प अगदी आवळून बसवले आहेत का, हे एकदा पाहावे. पाइप क्लॅम्पमधून सरकता राहायला हवा.

लेथ_आणि_गेज

मी इचलकरंजीत टर्नर आहे. वरच्या चर्चेत आट्यांचा विषय निघाला आणि मग मागे पडला. अजिंक्यतारा यांना सीपीव्हीसीचा फाटा काढायचा असल्यामुळे तो आता महत्त्वाचा ठरतो, म्हणून लिहितो.

वरच्या चारही पाइपांचे बाहेरचे माप वेगळे, त्यामुळे एकाची सॉकेट दुसऱ्याला कधीच चालणार नाही. पण चौघांचे आट्यांचे फिटिंग घ्या आणि व्हर्नियर लावा. प्रत्येकाच्या एक इंची बाहेरच्या आट्यांच्या माथ्यावरचा व्यास ३३.२५ मिमीच्या आसपास भरेल आणि एका इंचात ११ आटे मोजून होतील. कारण हे आटे मुळात ३३.७ च्या लोखंडी पाइपावर कोरण्यासाठी ठरले. पाइपाची कातडी काढून आटा पाडला, की साधारण तेवढेच उरते. प्लॅस्टिकचे पाइप पुढे आले, त्यांची अंगे निरनिराळी झाली, पण आटे सर्वांनी लोखंडाचेच ठेवले. म्हणून एका जातीच्या पाइपावरून दुसऱ्या जातीच्या पाइपावर जायचे असेल, तर आट्यांवरून जावे.

एक पथ्य मात्र पाळावे. बाहेरचे आटे निमुळते असतात, आवळत गेले की पाचरीसारखे काम करतात. प्लॅस्टिकच्या आतल्या आट्यांत लोखंडी निप्पल घालून पान्ह्याने आवळला, तर पाचर प्लॅस्टिकला फाडते. ती चीर लगेच दिसत नाही, कधी कधी महिन्याने उघडते. त्याउलट प्लॅस्टिकचे बाहेरचे आटे पितळेच्या किंवा लोखंडाच्या आतल्या आट्यांत घातले, तर धातू बाहेरून आवळून धरतो आणि प्लॅस्टिक दाबले जाते, फाटत नाही. थोडक्यात, धातूने प्लॅस्टिकला कवेत घ्यावे.

मेघनाताई, तुमच्या शॉवरचे असे झाले की अर्धा आणि पाऊण इंचाला दोन्ही देशांत इंचात १४ आटेच असतात, त्यामुळे सुरुवातीचे फेरे फसवून आत जातात. पण आपल्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आहे आणि अमेरिकेतल्या आट्याचा ६०. दोन कोनांमध्ये सर्पिलाकार वाट मोकळी राहते आणि पाणी त्या वाटेने फिरत बाहेर येते. एक इंचाला हा घोटाळा लवकर कळतो, कारण तिथे त्यांचे साडेअकरा आटे असतात आणि आपले ११.

मेघना_न्यूजर्सी

म्हणजे टेपचा दोष नव्हता. आईने तो शॉवर काढून ठेवला आहे. मध्ये बसणारा अडॅप्टर तिकडे मिळतो का?

लेथ_आणि_गेज

पुण्यात शोधल्यास मिळू शकेल. नाही मिळाला तर कोणताही चांगला टर्नर पितळेत एका बाजूला ५५ आणि दुसऱ्या बाजूला ६० अंशांचा आटा पाडून देईल. शॉवर मात्र सोबत न्यावा, नुसते माप सांगू नये.

स्वयंपाकघर_क्र_३

विषय थोडा बाजूला नेते, त्याबद्दल क्षमस्व. आमच्या पाण्याच्या फिल्टरची पांढरी नळी बदलायची होती. ती पाव इंची आहे असे तंत्रज्ञ म्हणाले होते. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटर, म्हणून मी ६ मिमीची नळी आणली. ती फिटिंगमध्ये टचकन बसली, पण सकाळी ओट्यावर पाणी होते. इथेही पाव इंच म्हणजे आतले माप असते का?

काउंटरमागून

नाही. योगायोगाने इथे नाव आणि माप एकच आहेत. फिल्टरची पाव इंची नळी बाहेरून खरोखर पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी असते. तुम्ही आणलेली ६ मिमीची नळी बहुधा हवेच्या यंत्रांसाठी असलेली होती. ढकलून बसवायच्या त्या फिटिंगमध्ये नळीला बाहेरून धरणारे दात आणि एक रबरी कडे असते. दातांनी ६ ची नळी पकडली, म्हणून ती ओढून निघाली नाही, पण रबरी कडे ६.३५ साठी असल्यामुळे पाण्याला वाट मिळाली. पाव इंची नळी आणा आणि टोक ब्लेडने अगदी काटकोनात कापा.

अजिंक्यतारा

सर्वांचे लिहिलेले दोनदा वाचून मी यादी केली आहे. चूक असेल तर कृपया सांगा. कोपऱ्यावर ३२ मिमीचा एल्बो. फाट्यासाठी ३२ मिमीचा टी, तिन्ही तोंडांना सॉल्व्हंटचा. टीच्या मोकळ्या तोंडात पाइपाचा लहान तुकडा आणि त्यावर ३२ बाय एक इंची एमटीए, म्हणजे प्लॅस्टिकचे बाहेरचे आटे. समोरून सीपीव्हीसीचा एक इंची एफटीए, ज्याच्या आत पितळेचे आटे आहेत. तिथून पुढे २८.६ चा सीपीव्हीसी पाइप.

माझी एकच अडचण आहे. लाइनचा टाकीकडचा भाग सिमेंटच्या चौथऱ्यात गेला आहे आणि तिथले छापील काही दिसत नाही. तो पाइपही ३२ चाच आहे, हे व्हर्नियर न शिरता कसे ओळखावे?

लेथ_आणि_गेज

कागदाची एक अरुंद पट्टी घ्या, पाइपाभोवती ताठ गुंडाळा, जिथे ती स्वतःवर येते तिथे टोकदार पेन्सिलने दोन्ही थरांवर एकच रेघ मारा आणि पट्टी सरळ करून दोन खुणांमधले अंतर मोजा. ३२ मिमीच्या पाइपाला ते १००.५ मिमी येईल, ३३.४ च्या पाइपाला १०५ आणि सीपीव्हीसीला ९०. व्यासात दीड मिमीचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण परिघात तो साडेचार मिमी होतो आणि शाळेतल्या पट्टीवरही स्पष्ट दिसतो. पाइप थोडा लंबगोल झालेला असला, तरी परिघ फसवत नाही, व्हर्नियर फसवतो. फक्त आधी रंग आणि सिमेंटचा चुरा पुसून काढावा.

काउंटरमागून

यादी बरोबर आहे. दोन गोष्टी जोडतो. ३२ च्या लाइनला पीव्हीसीचा सॉल्व्हंट आणि सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचाच सॉल्व्हंट वापरावा, दोन वेगळे डबे घ्यावेत. आणि आट्यांवर फक्त टेफ्लॉन टेप गुंडाळावी. जीआयवर पूर्वीपासून सुतळी आणि सफेदा लावतात, तो तिथे उत्तम चालतो, पण सफेद्यातले तेल सीपीव्हीसीला बाधते.

वाळवा_शिवार

एक मात्र विचारतो. ३२ चा पाइप शेतीचा. त्यातून न्हाणीघरात आणि पिण्यासाठी पाणी नेणे योग्य आहे का? आणि टोक गरम करून फुगवण्याबद्दल मी सुरुवातीला लिहिले होते, त्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत. आमच्या दोन किलोमीटर लाइनमध्ये निम्मे सांधे तसेच आहेत आणि १५ वर्षे उसाला पाणी देत आहेत.

काउंटरमागून

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटते. आयएस ४९८५ हे मानक मुळात पिण्याच्या पाण्याच्या पुरवठ्यासाठीच्या पाइपांचे आहे. आपण त्याला शेतीचा पाइप म्हणतो, कारण तो शेतीच्या दुकानात मिळतो. आयएसआय खूण आणि मानकाचा क्रमांक छापलेला असेल, तर हरकत नाही. कोणतीही छपाई नसलेला स्वस्त पाइप मात्र घरात आणू नये.

दुसऱ्या मुद्द्यावर आपले एकमत होईल असे वाटत नाही. जाळावर टोक फिरवले की एका बाजूची भिंत जास्त पातळ होते आणि किती झाली ते बाहेरून कळत नाही. जमिनीत गाडलेल्या लाइनला ऊन नाही, हालचाल नाही आणि मातीचा आधार आहे, म्हणून तिथे ते टिकते. गच्चीवर मी ते करणार नाही.

वाळवा_शिवार

गाडलेल्या लाइनचा मुद्दा पटला. पण गरम करणाऱ्याचा हात चांगला असेल, तर सांधा कारखान्याच्या सॉकेटइतकाच होतो, हे माझे मत मी सोडत नाही. कधी वाळव्याला आलात, तर एक सांधा कापून दाखवीन.

अजिंक्यतारा

काल काम पूर्ण झाले. कागदाची पट्टी चौथऱ्याजवळच्या पाइपाला लावली, तर १०५ आले! म्हणजे टाकीतून निघणारा पहिला हातभर तुकडा ३३.४ चा आहे आणि पुढची लाइन ३२ ची. दोन्ही जोडणारा कपलर पाहिला, तर त्याच्या ३२ च्या बाजूला सॉल्व्हंटचा तसाच जाड, पिवळा कडा होता. तो अजून गळला नव्हता, इतकेच. तोही कापून काढला आणि लेथ_आणि_गेज यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही बाजू आट्यांवर आणल्या. ३३.४ च्या तुकड्यावर पितळी आट्यांचा एफटीए, ३२ च्या बाजूने एमटीए.

नवा ३२ चा एल्बो दुकानातच कोरडा घालून पाहिला. तो निम्म्यावर अडकला आणि उलटा धरल्यावरही पडला नाही. दुकानदारांनी आधी दिलेला दुसरा एक एल्बो मात्र त्याच ३२ च्या खुणेचा असूनही जवळजवळ बुडापर्यंत गेला, म्हणून मी तो परत केला. एकाच मापाच्या दोन एल्बोंमध्ये इतका फरक का असावा, हे मला समजलेले नाही. क्लॅम्प सैल केले आहेत. पाणी उद्या सकाळी सोडणार आहे.

काउंटरमागून

दोन कंपन्यांच्या साच्यांत फरक असतो, आणि साचा झिजला की सॉकेट मोठी होत जाते. पण तुमचा तो एल्बो झिजलेल्या साच्याचा होता की दुकानातील तुकडाच बारीक होता, हे दोन्ही हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. परत केलात ते योग्यच केलेत. उद्या पाणी सोडल्यावर लगेच निर्धास्त होऊ नका. सांध्यांना खरा ताण दुपारी दोन-अडीचला येईल, तेव्हा एकदा कोरड्या कागदाने प्रत्येक सांधा पुसून पाहा.